कापलेला पण न भरलेला पीएफ

पगारातून भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी कापायची, पगारपत्रकावर ती दाखवायची आणि कामगाराच्या खात्यात मात्र भरायची नाही, असा हा प्रकार आहे. बोलीभाषेत ‘कंपनीने पीएफ खाल्ला’ म्हणतात, आणि कायद्याची भाषाही यापासून फार दूर नाही. कामगाराकडून कापलेली वर्गणी मालकाकडे विश्वासाने सोपवलेली रक्कम मानली जाते. ती न भरणे म्हणजे फौजदारी विश्वासघात, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मधल्या स्पष्टीकरणात नमूद आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 405 मध्ये हेच होते. मालकाने स्वतःचा हिस्सा थकवणे ही थकबाकी असते. कामगाराचा कापून ठेवलेला हिस्सा न भरणे हा त्याहून गंभीर गुन्हा आहे. 1952 च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यात त्यासाठी किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षे कैद सांगितली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कैदेची मुदत तीच आहे, मात्र दंड दहा हजारांवरून एक लाखावर गेला आहे.

पैसे कुठे अडकतात

साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या 12 टक्के रक्कम कामगाराकडून कापली जाते आणि मालक तेवढीच आपल्याकडून घालतो. मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात (15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये) आणि उरलेले पीएफ खात्यात. कोणत्याही महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. भरताना मालक सर्व कामगारांची यादी ऑनलाइन चढवतो. तिला इसीआर म्हणतात, आणि तिच्यावरून चलन निघते. यादीत नाव नसेल तर कंपनीने लाखोंचे चलन भरले तरी त्या कामगाराच्या खात्यात एक रुपयाही येत नाही.

नडलेला मालक पहिला हात या पैशावर टाकतो, कारण कच्च्या मालाचा पुरवठादार आणि वीज मंडळ लगेच तगादा लावतात आणि पीएफ कार्यालयाची नोटीस यायला महिने लागतात. हिशोब मात्र तसा जमत नाही. कापलेली वर्गणी मुदतीत भरली नाही तर ती आयकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणात 2022 मध्ये स्पष्ट केले होते.

पासबुक कसे वाचावे

यूएएन, म्हणजे सभासदाचा सार्वत्रिक खाते क्रमांक, सक्रिय असेल तर पीएफचे पासबुक passbook.epfindia.gov.in वर किंवा उमंग अ‍ॅपवर दिसते. इंटरनेट नसेल तर नोंदणीकृत मोबाइलवरून 7738299899 या क्रमांकावर EPFOHO UAN MAR असा संदेश पाठवला की शेवटच्या जमेची माहिती मराठीत येते. मात्र त्यात शेवटचा एकच भरणा कळतो. मधले गाळलेले महिने फक्त पासबुकात सापडतात.

पासबुकातल्या एका नोंदीने अनेकजण गोंधळतात. तपशिलात Cont. For Due-Month 052025 असे लिहिलेले असेल तर ती मे महिन्याची वर्गणी नसते. मे हा भरण्याचा महिना आहे आणि पगार एप्रिलचा. तुलना करताना ‘वेज मंथ’ हाच रकाना पगारपत्रकाशी जुळवावा, नाहीतर एक महिना बुडाल्याचा खोटा भास होतो किंवा खरोखर बुडालेला महिना झाकला जातो. चलन भरल्यावर पासबुकात नोंद उमटायला काही दिवस लागतात, त्यामुळे 16 तारखेलाच ओरड करण्यात अर्थ नाही. महिना संपत आला तरी मागच्या पगाराची नोंद नसेल तर मात्र शोध घ्यावा.

कंपनीची बाजू तपासणे

‘आम्ही भरलंय, पोर्टल अपडेट व्हायचंय’ हे उत्तर खरे की खोटे हे कामगाराला कार्यालयात न जाताच तपासता येते, आणि ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. पीएफ संघटनेच्या पोर्टलवर Establishment Search नावाचे पान लॉगिनशिवाय उघडते. तिथे आस्थापनेचा सात अंकी कोड टाकायचा. तो आपल्या 22 अक्षरी मेंबर आयडीतच असतो: पहिली पाच अक्षरे कार्यालयाची, पुढचे सात अंक कंपनीचे, तीन अंक उपकोडचे आणि शेवटचे सात कामगाराचे. कंपनीचे नाव टाकूनही शोधता येते, पण एकसारख्या नावांची गर्दी निघते, म्हणून कोड बरा.

कंपनी सापडल्यावर View Payment Details दाबले की प्रत्येक चलनाची ओळ दिसते. तिच्यात TRRN हा चलनाचा क्रमांक, पैसे जमा झाल्याची तारीख, रक्कम, वेतनमहिना आणि कर्मचारीसंख्या असते. पुढे आत गेले की त्या चलनातल्या कर्मचाऱ्यांची नावेही दिसतात. म्हणजे इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी कळू शकतात: त्या महिन्याचे चलनच नाही, चलन आहे पण आपले नाव नाही, किंवा नाव आहे आणि तरी पासबुक कोरे आहे. तिसऱ्या वेळी बहुधा यूएएनची गफलत असते. एकाच माणसाच्या नावावर दोन यूएएन निघालेले असतात आणि पैसे दुसऱ्यात जातात.

एक उदाहरण

महापे येथील कारखान्यात पॅकिंगला असलेल्या एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये आहे असे धरू. पगारपत्रकावर दरमहा 1,680 रुपये कापलेले दिसतात. मालकाने तितकेच घालायचे, त्यातले 1,166 पेन्शनला आणि 514 पीएफला. एप्रिल ते ऑगस्ट 2025 असे पाच महिने कपात झाली, पण पासबुकातली शेवटची नोंद मार्चच्या पगाराची आहे.

आस्थापनेच्या पानावर त्याला एप्रिलच्या चलनात 41 कर्मचारी दिसतात, मे आणि जूनच्या चलनांत 23, आणि जुलैपासून चलनच नाही. एप्रिलच्या 41 नावांत त्याचे नाव नाही, मेच्या 23 मध्येही नाही. यातून एवढे ठरते की पोर्टलचा दोष नाही. आधी याला वगळले, मग आणखी अठरा जणांना, आणि शेवटी सगळ्यांचेच बंद केले. त्याच्याकडून कापलेले 8,400 आणि मालकाचे 8,400 मिळून 16,800 रुपये येणे आहेत. तक्रारीत हा आकडा, महिने आणि चलनांतली कर्मचारीसंख्या लिहिली की ती ‘पीएफ भरत नाहीत’ या एका ओळीच्या तक्रारीपेक्षा कितीतरी वजनदार होते, कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याला धागा हातात मिळतो.

पुरावा आणि तक्रार

कपात झाली हे सिद्ध करण्यासाठी पगारपत्रक सर्वांत चांगले. ते देत नसतील तर फॉर्म 16 पाहावा. त्यात 80सी खाली पीएफची रक्कम असेल तर मालकाने कपात केल्याचे स्वतःच लिहून दिले आहे. बँक विवरणात निव्वळ पगार दिसतो. ओळखपत्र, नेमणूकपत्र, हजेरीकार्डाचा फोटो आणि ईएसआयसीच्या कार्डावरचे मालकाचे नाव यांतून नोकरीचा संबंध सिद्ध होतो. ही कागदपत्रे नोकरीत असतानाच गोळा करावीत. राजीनाम्यानंतर कंपनीचा ईमेल बंद होतो आणि पगारपत्रके त्यातच राहतात.

तक्रार epfigms.gov.in वर होते. पीएफ सभासद म्हणून यूएएन टाकला की मोबाइलवर ओटीपी येतो, मग ज्या कंपनीबद्दल तक्रार आहे तिचा पीएफ क्रमांक निवडून मजकूर लिहायचा आणि कागद जोडायचे. मजकूर असा पुरेसा होतो:

‘एप्रिल 2025 ते ऑगस्ट 2025 या वेतनमहिन्यांत माझ्या पगारातून दरमहा 1,680 रुपये कापले, पगारपत्रके जोडली आहेत. पासबुकात या महिन्यांची नोंद नाही. एप्रिलच्या चलनातील 41 नावांत माझे नाव नाही. जुलैपासून चलन दिसत नाही. कृपया आस्थापनेची चौकशी करून माझी व इतर वगळलेल्या कामगारांची रक्कम वसूल करावी.’

‘इतर वगळलेल्या’ हे शब्द मुद्दाम आहेत. एकट्याची तक्रार गेली की काही मालक तेवढ्यापुरते पैसे भरून प्रकरण मिटवतात.

तक्रार कुठल्या कार्यालयाकडे जाणार हे कारखान्याच्या पत्त्यावरून ठरेलच असे नाही, ते कोडवरून ठरते. THTHA ने सुरू होणारा क्रमांक ठाणे कार्यालयाचा, THVSH वाशीचा. तुर्भ्यात काम करणाऱ्याचा क्रमांक MHBAN ने सुरू होत असेल, तर कंपनीची नोंदणी वांद्र्याला आहे आणि वाशीच्या खिडकीवर रांग लावून हाती काही लागत नाही. प्रत्यक्ष बोलायचे असल्यास दर महिन्याच्या 27 तारखेला (सुट्टी असल्यास पुढच्या कामाच्या दिवशी) जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर भरते. ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक सोबत न्यावा. ‘मालकाला कळवले आहे’ एवढ्यावर तक्रार बंद केली गेली तर आधीचा क्रमांक देऊन पुन्हा नोंदवावी, किंवा pgportal.gov.in या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर जावे.

ठेकेदाराकडचे कामगार

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये अनेकांचा पीएफ कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या कोडवर असतो. ठेका संपतो, ठेकेदार मोबाइल बदलतो आणि कामगार हताश होतो. पण ठेकेदाराने न भरलेली वर्गणी भरण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ज्याच्या आवारात काम होते त्याच्यावर, येते. ती रक्कम त्याने ठेकेदाराच्या बिलातून वळती करायची असते. म्हणून तक्रारीत मुख्य कंपनीचे नाव, गेटपासचा फोटो आणि कामाचे ठिकाण लिहावे. ठेकेदार पळून जाऊ शकतो, कारखाना जागेवरच असतो.

पुढे काय होते

प्राथमिक तपासणीत तथ्य दिसले की रक्कम ठरवण्यासाठी चौकशी लागते. जुन्या कायद्यात ती कलम 7अ खाली होती आणि लोक अजून तिला ‘सेव्हन ए’च म्हणतात. अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, तो हजेरीपट आणि पगारवही मागवू शकतो. नवीन संहितेत अशी चौकशी वाद उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत सुरू करावी लागते. पूर्वी अशी मुदत नव्हती. आता दहा वर्षांपूर्वीचे गाळलेले महिने निवृत्तीच्या वेळी उकरून काढणे अवघड आहे.

रक्कम ठरल्यावर मालकाकडून 12 टक्के वार्षिक व्याज आणि नुकसानभरपाई घेतली जाते. जून 2024 पासून भरपाईचा दर थकबाकीवर महिन्याला एक टक्का आहे. तरीही न भरल्यास वसुली अधिकारी बँक खाते गोठवतो किंवा मालमत्ता जप्त करतो. कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर ती प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्युशन प्रोफेशनलकडे मुदतीत दावा टाकावा. पीएफची रक्कम दिवाळखोरी संहितेच्या कलम 36 नुसार लिक्विडेशनच्या, म्हणजे विकून देणेकऱ्यांत वाटायच्या, मालमत्तेत धरली जात नाही.

कापलेली रक्कम मालकाने रोख परत दिली आणि ‘मिळाले’ म्हणून सही घेतली, असेही घडते. त्याने जबाबदारी संपत नाही. रोख रकमेत मालकाचा हिस्सा नसतो, पेन्शनची सेवा मोजली जात नाही आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसाला मिळणाऱ्या विम्याचा दावाही अडतो. अशी सही मागितली तर कागदावर रकमेसोबत महिने आणि ‘पीएफ कपात परत’ असे शब्द आपल्या हाताने लिहावेत व फोटो काढून ठेवावा. कपात झाली होती याचा तो मालकानेच दिलेला पुरावा होतो.