रक्तदाबाच्या व नैराश्याच्या गोळ्या आणि लिंगताठरता

रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांमुळे पुरुषांच्या लिंगताठरतेवर परिणाम होऊ शकतो. औषध बदलून हा परिणाम बहुधा आटोक्यात येतो. खरा धोका कोणाला न सांगता गोळी बंद करण्यात आहे. खानदेशात ‘बीपीनी गोयी’ सोडून दिल्याचे घरात बायकोलाही ठाऊक नसते, कारण गोळी का सोडली हे सांगायचीच लाज वाटते.

रक्तदाबाची सगळी औषधे सारखी नाहीत. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-ब्लॉकर आणि क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड ही लघवी वाढवणारी औषधे यांबाबत ही तक्रार जास्त येते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन यांचा ताठरतेवर सहसा परिणाम होत नाही. बीटा-ब्लॉकरांतही नेबिव्होलॉल तुलनेने सौम्य. दोष नेमका गोळीचाच असतो असेही नाही. वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी लिंगाच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब होतात. शिवाय मनातली धास्ती असतेच. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात 96 पुरुषांना अटेनोलॉल दिले गेले. कोणते औषध आहे हे न सांगितलेल्यांपैकी सुमारे 3 टक्क्यांनी ताठरतेची तक्रार केली. औषधाचे नाव आणि हा दुष्परिणाम दोन्ही सांगितलेल्या गटात हेच प्रमाण सुमारे 31 टक्के होते.

गोळी एकदम सोडल्यावर काय होते हे एका उदाहरणाने पाहू. समजा, रावेर तालुक्यातला 52 वर्षांचा केळी उत्पादक अटेनोलॉल 50 मिलिग्रॅम आणि अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी दोन वर्षे घेतो आहे. एका गोळीत दोन औषधे आहेत हे त्याला माहीत नाही. ताठरता कमी झाली म्हणून तो गोळी थांबवतो. पहिले दोन दिवस काहीच वाटत नाही, उलट हलके वाटते. चौथ्या दिवशी मळ्यात पाइप ओढताना छाती धडधडते, हात कापतात, नाडी 110 वर जाते. बीटा-ब्लॉकर हृदयावरची अ‍ॅड्रेनलिनची दारे अडवून ठेवतो आणि शरीर त्यावर उपाय म्हणून तशी दारे वाढवते. औषध अचानक गेले की ही वाढलेली दारे एकदम उघडी पडतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर यातून छातीत दुखणे, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येतो. क्लोनिडीन हे रक्तदाबाचे दुसरे एक औषध एकदम सोडले तर रक्तदाब एक-दोन दिवसांतच उसळतो.

हाच माणूस आधी डॉक्टरांकडे गेला तर ते रक्तदाब व साखर तपासतील, पहाटे आपोआप ताठरता येते का हेही विचारतील. ती येत असेल तर रक्तवाहिन्या बऱ्या आहेत, अडचण धास्तीची असू शकते. येत नसेल तर औषध बदलता येते. इथे एक अडचण असते: एकत्र गोळी अर्धी तोडली की अ‍ॅम्लोडिपिनही निम्मे होते. म्हणून अ‍ॅम्लोडिपिन वेगळे चालू ठेवून टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम जोडतात आणि अटेनोलॉल 25 वर आणून आठवडा-दोन आठवड्यांत थांबवतात. या काळात रक्तदाब व नाडी मोजत राहतात. फरक कळायला काही आठवडे लागतात. बीटा-ब्लॉकर हृदयविकारासाठी दिलेला असेल तर मात्र तो सहसा बदलत नाहीत, ताठरतेवरच वेगळा उपाय करतात.

नैराश्याच्या एसिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन या गोळ्यांनी इच्छा कमी होते आणि वीर्यपतनाला फार उशीर लागतो. त्यामानाने ताठरता कमी बिघडते. त्यामुळे डॉक्टरांना ‘जमत नाही’ एवढेच सांगून भागत नाही, नेमके काय होते ते सांगावे लागते. या गोळ्या एकदम सोडल्या तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, झोपमोड, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. पॅरॉक्सेटीनमध्ये हे अधिक, तर शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या फ्लुऑक्सेटीनमध्ये कमी. हा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, पण नैराश्य बहुधा आठवड्यांनी परतते आणि तोवर गोळीशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. मात्रा कमी करणे, मिर्टाझापीन किंवा ब्युप्रोपिऑनवर जाणे हे मार्ग आहेत. गोळी बंदच करायची ठरली तर मात्रा काही आठवडे ते महिने पायरीपायरीने उतरवतात.

बाजारातली ‘ताकदीची’ पुडी किंवा दुकानातून मागून घेतलेली सिल्डेनाफिल नावाची ताठरतेची गोळी हा आडमार्ग धोक्याचा आहे. अशा पुड्यांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले सापडते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते घेतले तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो.

गोळी आधीच सोडली असेल तर भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत. रक्तदाब मोजून, रिकामी स्ट्रिप घेऊन डॉक्टरांना किती दिवस झाले ते सांगावे. छातीत दुखत असेल किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर थेट 108 ला फोन करावा. नैराश्याची गोळी सोडल्यावर जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले तर त्या माणसाला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.