काल तर सांगितलं होतं की!

मावशीने मागच्या महिन्यात पहिल्यांदा एआय चॅटबॉट वापरला. पहिल्याच दिवशी तिने त्याला सगळं नीट सांगितलं, मला डायबेटिस आहे, घरी आम्ही दोघंच, आणि मिस्टरांना खोबरं चालत नाही, तर आठवड्याचा स्वैपाक सुचव. त्याने मस्त लिस्ट दिली, ही खूश. दुसऱ्या दिवशी तिने 'नवीन चॅट'चं बटण दाबून विचारलं की संध्याकाळी गोड काय करू, तर आला साखर घातलेला शिरा आणि वरून खोवलेलं खोबरं! मावशीचा मला फोन, "अरे काल तर सांगितलं होतं की त्याला, एका रात्रीत विसरला?"

विसरला नाही मावशी, त्याने ते कधी लक्षातच ठेवलं नव्हतं. आता हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण काल त्याच चॅटमध्ये दहा मिनिटांनी तिने "उद्याच्या भाजीऐवजी दुसरं काहीतरी सांग" म्हटलं तेव्हा त्याला डायबेटिस बरोबर आठवत होता. मग तेव्हा कसं आठवलं?

गंमत इथेच आहे. आपल्याला वाटतं की आपण शेवटचं वाक्य पाठवलं आणि त्याने तेवढंच वाचलं, बाकीचं त्याच्या डोक्यात होतं. तसं होत नाही. प्रत्येक वेळी तुम्ही सेंड दाबलं की त्या चॅटमधलं पहिल्यापासूनचं सगळं बोलणं, तुमचं आणि त्याचं, जणू एका कागदावर उतरवून मॉडेलपुढे, म्हणजे चॅटबॉटमागे उत्तर तयार करणाऱ्या प्रोग्रामपुढे, ठेवलं जातं. समजा मावशीचा पहिला मेसेज ३० शब्दांचा, त्याचं उत्तर २०० शब्दांचं, मग तिचा दुसरा मेसेज १० शब्दांचा. तर दुसऱ्या वेळी मॉडेलपुढे १० नाही, २४० शब्द जातात. त्यावर त्याने १५० शब्दांचं उत्तर दिलं आणि हिने परत ८ शब्द टाईप केले, की तिसऱ्या वेळी ३९८. म्हणजे डायबेटिस त्याला 'आठवत' नव्हता, दर वेळी तो कागद पुन्हा समोर येत होता आणि त्यावर सगळ्यात वर लिहिलं होतं. (दर वेळी पहिल्यापासून हिशोब करायला लागू नये म्हणून सर्व्हरवर आधीची आकडेमोड थोडा वेळ ठेवतात, पण ते फक्त स्पीडसाठी, मॉडेल त्यातून काही शिकत नाही.)

नवीन चॅट म्हणजे नवीन, कोरा कागद. त्यावर मावशीचं एकच वाक्य, गोड काय करू. मग शिराच येणार ना.

पण मॉडेल कोरं म्हणजे किती कोरं? शिरा कसा करतात हे त्याला माहितीये, मराठी येतं, डायबेटिसवाल्याला साखर कमी द्यायची हेही माहितीये. हे सगळं ट्रेनिंगमध्ये आलेलं, आणि ते जिथे साठलंय त्या आकड्यांना वेट्स म्हणतात. प्रचंड मजकूर वाचायला देताना हे आकडे थोडे थोडे बदलत जातात, ट्रेनिंग संपलं की ते गोठवतात. नंतर तुम्ही कितीही गप्पा मारा, आकडा इकडचा तिकडे होत नाही. छापून आलेल्या पंचांगासारखं समजा, आपण रोज उघडून तिथी बघतो, पण आपण काय बघितलं हे पंचांगात उमटत नाही.

मावशीचा पुढचा प्रश्न एकदम बरोबर होता, "मग बदलायचे की ते आकडे, मी सांगितल्यावर." २०२० साली आलेल्या ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये असे १७,५०० कोटी आकडे होते. एका आकड्याला दोन बाईट धरले तरी ३५० जीबी होतात. एवढी फाईल प्रत्येक माणसासाठी वेगळी ठेवणं परवडणारं नाही, त्यामुळे एकच संच सगळ्यांना वापरतात. आता त्या सामाईक संचात मावशीचं सांगणं मुरवलं तर नागपूरच्या कुठल्यातरी काकूंना विनाकारण बिनसाखरेचा चहा सुचवला जाईल, आणि मावशीची तब्येत हा तिचा खाजगी मामला तो वेगळाच. शिवाय नवीन काही घुसवताना जुनं शिकलेलं बिघडतं, न्यूरल नेटवर्कची ही खोड १९८० च्या दशकापासून माहिती आहे. आणि लोक मुद्दाम वाईट शिकवतात हेही आहेच. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ट्विटरवर टे नावाचा चॅटबॉट सोडला होता, लोकांशी बोलून शिकणारा, तर लोकांनी त्याला असलं काही शिकवलं की एका दिवसात बंद करावा लागला.

कागदालाही मर्यादा आहे बरं का, त्याला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात आणि ती टोकनमध्ये मोजतात, टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा. जीपीटी-३ ची विंडो २,०४८ टोकनची होती, आताच्या मॉडेलची लाखांच्या घरात जाते. देवनागरीत त्याच मजकुराला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन लागतात, त्यामुळे आपला कागद जरा लवकर भरतो. भरला की काही ॲप वरचा भाग कापतात, काही त्याचा सारांश करून ठेवतात, आणि मग एकाच लांबलचक चॅटमध्येही पहिल्या दिवशीचं खोबरं निसटू शकतं. ओळखायचं कसं? मध्येच विचारा की मी सुरुवातीला कुठली पथ्यं सांगितली होती. नेमकी सांगितली तर कागदावर आहेत. मोघम किंवा भलतीच सांगितली तर गेली समजा, कारण समोर नसलेलं 'माहिती नाही' म्हणण्याऐवजी अंदाजाने भरायची सवय या मॉडेलना आहे.

अजून एक घोळ लोक हमखास करतात. मॉडेलला आठवत नाही म्हणजे आपलं बोलणं पुसलं गेलं असं नाही. बाजूच्या यादीत जुने चॅट दिसतात ना, ते कंपनीच्या सर्व्हरवर असतातच, आणि सेटिंगनुसार पुढच्या मॉडेलच्या ट्रेनिंगलाही वापरले जाऊ शकतात. तेव्हा आधारचा नंबर वगैरे टाकून 'नवीन चॅट' दाबलं की झालं, असं अजिबात समजू नका.

आता बऱ्याच ॲपमध्ये मेमरी नावाची सोय आलीये. तिथेही वेट्स बदलत नाहीत. ॲप तुमच्याबद्दलच्या दोन-चार ओळी बाजूला लिहून ठेवतं किंवा जुन्या चॅटमधले तुकडे शोधून आणतं, आणि नवीन कागदावर तुमच्या प्रश्नाच्या आधी गुपचूप चिकटवतं. सेटिंगमध्ये गेलं की साठवलेल्या ओळी बहुतेक वेळा वाचता येतात, खोडताही येतात.

मावशीच्या फोनवर मीच ती मेमरी चालू करून दिली. आठवडाभर सगळं छान चाललं. मग शेजारच्या वहिनींनी तिच्याच फोनवरून उकडीच्या मोदकांची रेसिपी विचारली, आणि सारण आलं बिनखोबऱ्याचं, बिनगुळाचं. वहिनी म्हणाल्या, "याला मोदक माहितीच नाहीत." मावशी गप्प बसली होती म्हणे.