अभय योजनेची पार्श्वभूमी: 1997 ची योजना आणि दहा वर्षांपूर्वीचा सोन्याचा भाव

करबुडव्यांना माफी देणारी योजना आली की चर्चा दराभोवती फिरते. 30 टक्के की 45 टक्के, दंड माफ की निम्मा. प्रामाणिक करदात्याचे नुकसान मात्र बहुतेक वेळा दरात नसते, नियमांच्या बारीक अक्षरांत असते. भारतातल्या सर्वांत गाजलेल्या अभय योजनेत, म्हणजे 1997 च्या स्वेच्छा उत्पन्न जाहीर योजनेत, ते एका तारखेत होते. ती तारीख 1 एप्रिल 1987.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. स्वातंत्र्यानंतरची पहिली योजना 1951 मध्ये आली. 1965 मध्ये एकापाठोपाठ दोन आल्या. 1971 मध्ये वांछू समितीने प्रत्यक्ष करांचा सविस्तर अभ्यास करून स्पष्ट सांगितले की सामान्य काळात, आणि तेही वारंवार, अशा सवलती दिल्या तर प्रामाणिक करदात्याचा सरकारवरचा विश्वास उडेल आणि कायद्याचा धाक राहणार नाही. चारच वर्षांनी, आणीबाणीत, पुढची योजना आली. 1981 मध्ये तर काळा पैसा गुंतवायला विशेष धारक रोखे काढले गेले. दहा हजारांच्या रोख्याचे दहा वर्षांनी बारा हजार मिळणार होते आणि रोखे घेणाऱ्याला पैसा कुठून आला हे कोणी विचारणार नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. बहुमताने रोखे वैध ठरले, पण न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांनी विरोधी मत नोंदवले. कर चुकवणाऱ्याला प्रामाणिक माणसापेक्षा वरचढ वागणूक देणे समानतेच्या हक्कात बसते का, हा या खटल्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आजही जुना झालेला नाही.

1997 च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी व्यक्तीवरील आयकराचा कमाल दर 40 वरून 30 टक्क्यांवर आणला आणि त्याच अर्थसंकल्पात नवी योजना जाहीर केली. 1 जुलै ते 31 डिसेंबर 1997 या काळात लपवलेले उत्पन्न जाहीर करायचे, व्यक्तींनी 30 टक्के आणि कंपन्या व भागीदारी संस्थांनी 35 टक्के कर भरायचा. मागचे व्याज नाही, दंड नाही, खटला नाही, जाहीर केलेली माहिती गोपनीय. एरवी लपवलेले उत्पन्न सापडले तर बुडवलेल्या कराइतका किमान, आणि तिप्पट कमाल, दंड कायद्यात होता, व्याज वेगळे.

इथेच पहिली विषमता दिसते. 1986 च्या सुमारास वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नावर 50 टक्के कर होता. ज्याने तेव्हा तो वेळेवर भरला, त्याच्या एक लाखातले पन्नास हजार गेले. ज्याने लपवले, त्याने लाखभर रुपये दहा वर्षे वापरले आणि शेवटी तीस हजार भरून मोकळा झाला. 1997 चा कमी दर त्याला मागच्या तारखेने मिळाला. प्रामाणिक माणसाला तो मागच्या वर्षांसाठी मागायची सोयच नव्हती.

दुसरी विषमता दागिन्यांची, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. रोख रक्कम जाहीर केली तर पूर्ण रकमेवर कर. पण दागिने किंवा सोने-चांदी 1 एप्रिल 1987 पूर्वी घेतलेली असेल, तर तिचे मूल्य त्या दिवसाच्या भावाने धरायचे होते. तेव्हा सोने दहा ग्रॅमला सुमारे 2,570 रुपये होते. योजनेच्या काळात ते चार हजारांच्या वर होते. आता एक किलो सोन्याचा हिशेब मांडू. जाहीर मूल्य 2 लाख 57 हजार, त्यावर 30 टक्के कर म्हणजे 77,100 रुपये. सोन्याची खरी किंमत चार लाखांच्या वर. म्हणजे प्रत्यक्षातला कर जेमतेम 19 टक्के, किंवा त्याहूनही कमी.

सोन्यावर खरेदीची तारीख कोरलेली नसते. 1995 मध्ये दोन नंबरच्या पैशातून घेतलेले सोने ‘आजीच्या काळातले’ म्हणून दाखवले, तर ते खोडून काढायला खात्याकडे काही नव्हते. त्याहून पुढे, घरात सोने नसून फक्त रोकड असेल, तरी दागिने कागदावर जाहीर करता येत होते. मग ते सराफाला विकल्याची पावती घ्यायची आणि स्वतःचीच रोकड विक्रीची रक्कम म्हणून बँकेत भरायची.

विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नव्हता का? नफा काढताना जुनी खरेदी किंमत ज्या महागाई निर्देशांकाने वाढवून धरायची, त्याने तोही प्रश्न सोडवला होता. 1987-88 चा निर्देशांक 150, 1997-98 चा 331. त्या हिशेबाने 2 लाख 57 हजारांची खरेदी किंमत वाढून सुमारे 5 लाख 67 हजार होते. सोने विकले सव्वाचार लाखांना, तर कागदावर नफा नाही, उलट तोटाच! योजनेनंतर अशा विक्रीचे वाद बरीच वर्षे आयकर न्यायाधिकरणांत चालले. बनावट विक्री ओळखण्याची खूण साधी असते: जाहीर दागिने काही महिन्यांतच विकलेले, घेणारा तोच एखादा सराफ, आणि त्या सराफाकडे एवढा माल खरेदी करण्याजोगी ना उलाढाल ना साठा.

महसुलाच्या बाजूने पाहिले तर योजना यशस्वी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांनी सुमारे 33,000 कोटींचे उत्पन्न जाहीर केले आणि तिजोरीत दहा हजार कोटींच्या घरात कर आला. त्या वर्षीच्या प्रत्यक्ष करांच्या वसुलीचा हा साधारण पाचवा भाग. धाडी, नोटिसा आणि अपिलांतून एवढी रक्कम सहा महिन्यांत वसूल होणे शक्यच नव्हते. तुटीने त्रासलेल्या अर्थमंत्र्याला हा मोह का होतो ते समजते. पण ही रक्कम एकदाच येते आणि पुढच्या वर्षी ती नसते. कॅगने आपल्या अहवालात या योजनेला प्रामाणिक करदात्यांची फसवणूक म्हटले. अशी योजना पुन्हा आणणार नाही, असे सरकारनेही सर्वोच्च न्यायालयाला सांगितले होते.

2016 ची उत्पन्न जाहीर योजना आखणाऱ्यांनी 1997 चा धडा घेतलेला दिसतो. दर 45 टक्के ठेवला आणि मालमत्तेचे मूल्य 1 जून 2016 च्या बाजारभावाने धरायला लावले. जुन्या भावाची पळवाट बंद झाली. तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली ही अभय योजना नाहीच, असे सांगत. नेहमीच्या दरापेक्षा जास्त कर घेतल्यामुळे त्यात तथ्यही होते. सुमारे 71,000 लोकांनी 67,000 कोटींच्या आसपास उत्पन्न जाहीर केले.

दर वाढवून एक विषमता कमी झाली, पण वाट पाहणाऱ्याचा हिशेब दराने मोडत नाही. आज जाहीर करायचे की पुढच्या संधीपर्यंत थांबायचे, हे तो मागचा इतिहास पाहून ठरवतो. ही योजना 30 सप्टेंबर 2016 ला बंद झाली. 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि 17 डिसेंबरला प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेची खिडकी उघडली: 49.9 टक्के भरा आणि जाहीर रकमेचा चौथा हिस्सा चार वर्षे बिनव्याजी ठेवा. अट आधीपेक्षा महाग होती, तरी ‘ही शेवटची संधी’ म्हटल्यावर तीन महिन्यांत आणखी एक संधी आलीच.