14 जूनचे रक्तदान शिबिर: पहिल्यांदा येणाऱ्यांनी घरून निघण्याआधी एवढे बघून घ्या

जागतिक रक्तदाता दिनानिमित्त 14 जूनला इंदूरच्या आमच्या रुग्णालयात तळमजल्यावरच्या सभागृहात सकाळी 9 ते दुपारी 2 या वेळेत रक्तदान शिबिर आहे. नोंदणी जागेवरच होईल, पैसे लागत नाहीत. एरवी एवढे छापले की सूचना संपते. पण दर शिबिरात काही जण रांगेत ताटकळून, फॉर्म भरून, बोट टोचून घेऊन तसेच परत जातात आणि त्यात पहिल्यांदा आलेले जास्त असतात. तुम्ही आत्ता वाचताय तोवरच ज्या गोष्टी सुधारता येतील, त्या इथे लिहिल्या आहेत.

आधी कागद. वय 18 पूर्ण हवे आणि ते दाखवणारे फोटो ओळखपत्र हवे. बहुतेक जण आधार कार्ड आणतात आणि इथेच गाडी अडते. बऱ्याच जुन्या आधार कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसते, नुसते जन्मवर्ष असते. ज्याला याच वर्षी अठरा पूर्ण होणार, त्याचा वाढदिवस मार्चमध्ये झाला की सप्टेंबरमध्ये आहे हे त्या कार्डावरून कळत नाही, आणि टेबलावरचा माणूस अंदाजाने सही करू शकत नाही. अशांनी दहावीची गुणपत्रिका बरोबर आणा. तिच्यावर पूर्ण तारीख असते. वडिलांच्या संमतीचे पत्र अठरा पूर्ण असतील तर लागत नाही, आणि सतरा असतील तर त्याचा उपयोगही नाही. वरची मर्यादा 65 आहे, पण पहिलेच रक्तदान असेल तर साठीच्या आत यावे लागते.

दुसरी अडचण पोटाची. रक्त तपासायला उपाशी जायचे, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की रक्त द्यायलाही लोक उपाशीच येतात. इथे नियम नेमका उलटा आहे. शेवटचे खाणे चार तासांच्या आत झालेले हवे. घरचे पोहे उत्तम. त्यावर जिलबी झाली तरी इंदूरकराला कोण अडवणार? कचोरी-समोसे मात्र त्या सकाळी टाळा, फार तेलकट खाल्ल्यावर रक्तातला प्लाझ्मा दुधाळ दिसतो आणि तो वाया जाऊ शकतो. एकादशी किंवा वटपौर्णिमेचा उपवास असेल आणि साबुदाण्याची खिचडी पोटात असेल तर हरकत नाही. निर्जळी असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी रक्तपेढीत या. येण्याआधी दोन मोठे ग्लास पाणी प्या. रात्रपाळी करून थेट येऊ नका, आणि आदल्या रात्री दारू झाली असेल तर बेत पुढे ढकला.

तिसरा मुद्दा वजनाचा आणि हिमोग्लोबिनचा. सगळ्यात जास्त चेहरे इथे पडतात, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, रामबागेतली वीस वर्षांची मुलगी आली, वजन 47 किलो. घरच्यांनी सांगितलेले असते, 'तू एवढीशी, तुझं कसलं रक्त घेतात!' हिशोब असा आहे की दर किलोमागे साधारण 8 मिलिलिटरपर्यंत रक्त निर्धास्त घेता येते. 45 किलोला ते 360 होते, म्हणून 350 मिलिलिटरच्या पिशवीसाठी 45 किलोची अट आहे. तिच्या अंगात सुमारे तीन लिटर रक्त आहे, म्हणजे वजनात ती बसते. 450 ची पिशवी 55 किलोच्या वर वजन असणाऱ्यांसाठीच असते, ती तिला कोणी लावणार नाही.

मग बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडतात. हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त असेल तर थेंब सरळ तळाशी जातो. या मुलीचा थेंब मध्येच थबकला आणि वर आला, म्हणजे नापास. पण घाई नको. बोट फार दाबून पिळले की रक्तात पेशींमधले पाणी मिसळते, थेंबात हवेचा बुडबुडा राहिला तरी तो तरंगतो. अशा वेळी 'मशीनवर एकदा बघाल का?' असे विचारायला अजिबात लाजू नका. मशीनने 12.8 दाखवले तर ती पुढच्या टेबलावर जाईल. 11.6 दाखवले तर त्या दिवशी नाही. 12.5 ही देणाऱ्यासाठी ठेवलेली अट आहे, खाली आला म्हणजे लगेच आजार आहे असे नाही. मात्र तो आकडा लिहून घ्या आणि घराजवळच्या डॉक्टरांना दाखवा. मुलींमध्ये लोह कमी असल्याचे अनेकदा पहिल्यांदा आमच्याच टेबलावर कळते.

मुदतींचा हिशोबही चुकतो, कारण लोक आजार झाला त्या दिवसापासून महिने मोजतात. टायफॉईडनंतर पूर्ण बरे झाल्यापासून 12 महिने थांबायचे असते. दात काढला असेल तर 6 महिने, टॅटू काढला किंवा नाक-कान टोचले असतील तर 12 महिने. रक्तदाबाची गोळी चालू असली तरी चालते, पण दाब मर्यादेत हवा आणि गेल्या 28 दिवसांत औषध बदललेले नको. 'ती पांढरी छोटी गोळी' यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, म्हणून पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांचे रक्त घेत नाहीत.

फॉर्मबद्दल बोलायलाच हवे. तो हिंदी-इंग्रजीत आहे, अक्षर बारीक आहे आणि प्रश्न असे की शेजारी काका उभे असतील तर खरे उत्तर द्यायला जीव धजत नाही. आमच्या समुपदेशकाची खोली वेगळी आहे, तिथे एकटेच जा. शेवटी एक प्रश्न असतो, तपासणीत काही आढळले तर तुम्हाला कळवायचे का? घाईत 'नाही'वर खूण करू नका. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासणी होते, आणि काही निघाले तर ते आधी तुम्हालाच कळायला हवे. म्हणून मोबाईल नंबर स्वतःचा द्या, गटाने आणणाऱ्या मित्राचा नको.

प्रत्यक्ष रक्त घ्यायला पाच ते दहा मिनिटे लागतात. सुई पिशवीला जोडूनच सीलबंद येते आणि एकदाच वापरतात, त्यामुळे देणाऱ्याला लागण होण्याचा प्रश्न येत नाही. टोचताना चुरचुरते, मग नुसता ताण जाणवतो. चक्कर पहिल्यांदा देणाऱ्यांना कधीकधी येते, आणि ती बहुतेक वेळा खाटेवर येत नाही, झटकन उठून बाहेर निघाल्यावर येते. घाम सुटला, जांभया येऊ लागल्या, कानात आवाज घुमू लागला तर तिथेच आडवे व्हा आणि पाय उंच करा. कमीत कमी पंधरा मिनिटे बसून सरबत-बिस्किटे घेतल्याशिवाय स्कूटरला किल्ली लावू नका. त्या हाताने दिवसभर जड पिशवी किंवा सिलिंडर उचलू नका.

14 तारखेला पाळी चालू असेल, सर्दी-ताप असेल किंवा निर्जळी उपवास असेल, तर ओढाताण करून येऊ नका. रुग्णालयाची रक्तपेढी शिबिरानंतरही चालूच असते, तिथेही हेच निकष लागतात आणि रांग कमी असते. शिबिरात शेवटची नोंदणी दीड वाजता होईल, दोनला नाही.