लेखापरीक्षकाचा अहवाल वाचताना : ‘वगळता’ या शब्दापाशी थांबावे

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हिशेबाच्या कामासाठी आमच्याकडे येणाऱ्या अनेकांजवळ कुठल्या ना कुठल्या कंपनीचे शेअर असतात, आणि वार्षिक अहवाल हाती पडला की त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘ऑडिटरने सही केली आहे, म्हणजे कंपनी ठीक आहे ना?’ सही प्रत्येक अहवालावर असते. अत्यंत वाईट अहवालावरही असते. पाहायचे ते सहीच्या वर काय लिहिले आहे, आणि त्यातही पहिले दोन परिच्छेद. आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानकांनुसार २०१६ च्या अखेरीपासून अहवालाची मांडणी बदलली असून आता लेखापरीक्षकाचा अभिप्राय सुरुवातीलाच येतो आणि त्यामागोमाग ‘अभिप्रायाचा आधार’ हा परिच्छेद येतो. ज्याला दहाच मिनिटे द्यायची आहेत, त्याने ती या दोन परिच्छेदांना द्यावीत.

अभिप्रायाचे चार प्रकार असतात. हिशेबात मोठे वैगुण्य न आढळल्यास तो स्वच्छ असतो. एखादी बाब मोठी असली तरी तिचा परिणाम ठरावीक जागेपुरता राहत असेल, तर ती बाब ‘वगळता’ हिशेब योग्य असल्याचे म्हटले जाते. याला सशर्त किंवा क्वालिफाइड अभिप्राय म्हणतात. चूक संपूर्ण हिशेबात पसरली असेल तर अभिप्राय प्रतिकूल असतो, आणि पुरेसा पुरावाच हाती आला नाही व त्याचा परिणाम सर्वदूर असू शकतो, अशा वेळी लेखापरीक्षक अभिप्राय देण्यास असमर्थता व्यक्त करतो. शेवटचे दोन प्रकार वाचणाऱ्याला आपोआप जागे करतात. फसगत होते ती सशर्त अभिप्रायाच्या बाबतीत, कारण त्याचे वाक्य सुरुवातीचे चार शब्द सोडले तर स्वच्छ अभिप्रायासारखेच वाचले जाते. म्हणून हे माहितीपत्रक मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

एक उदाहरण

हे उदाहरण आम्ही केवळ समजावण्यासाठी रचले आहे. एका कंपनीने वर्षाचा करपूर्व नफा ४० कोटी दाखवला आहे आणि तिची निव्वळ मालमत्ता, म्हणजे सर्व देणी वजा जाता भागधारकांच्या वाट्याला उरणारी रक्कम, १६० कोटी आहे. तिच्या येण्यांमध्ये एकाच ग्राहकाकडून यायचे २४ कोटी आहेत. हा ग्राहक दिवाळखोरीत निघालेला आहे, दीड वर्षात त्याच्याकडून एक पैसाही आलेला नाही आणि त्या रकमेला कोणतेही तारण नाही. तरीही संचालक मंडळाचे म्हणणे असे की वसुलीची आशा आहे, म्हणून बुडीत येण्यांसाठी तरतूद करण्याची गरज नाही. लेखापरीक्षकाला हे पटले नाही. त्याने अहवालात लिहिले : ‘अभिप्रायाच्या आधारात नमूद केलेल्या बाबीचे परिणाम वगळता, ही वित्तीय विवरणपत्रे सर्व महत्त्वाच्या बाबतींत कंपनीच्या स्थितीचे खरे व वाजवी चित्र दर्शवतात.’

आता भागधारकाने काय करावे? पुढच्या परिच्छेदात जाऊन रक्कम शोधावी. परिणाम मोजता येण्यासारखा असेल तर तो तिथे आकड्यात सांगणे लेखापरीक्षकावर बंधनकारक असते. सांगता येत नसेल तर तसे लिहावे लागते. आपल्या उदाहरणात तिथे २४ कोटी दिसतील, आणि मग वजाबाकी स्वतःच करायची आहे. कराचा परिणाम क्षणभर बाजूला ठेवला तर नफा ४० ऐवजी १६ कोटी होतो आणि निव्वळ मालमत्ता १६० ऐवजी १३६ कोटी होते. कंपनीचे ४ कोटी शेअर असतील तर दर शेअरमागे करपूर्व कमाई १० वरून ४ वर येते. संचालकांनी एकूण १२ कोटींचा लाभांश सुचवला असेल, तर तो ४० पैकी १२ म्हणून माफक वाटतो. १६ पैकी १२ म्हटल्यावर तोच लाभांश वेगळा दिसू लागतो. छापील नफा-तोटा पत्रकात, अध्यक्षांच्या पत्रात आणि रंगीत आलेखांत मात्र ४० कोटीच राहतात, कारण हिशेब तयार करण्याची जबाबदारी संचालकांची असते; लेखापरीक्षक ते स्वतः दुरुस्त करत नाही, तो केवळ आपली असहमती नोंदवतो.

नफ्याचा निम्म्याहून अधिक भाग संशयास्पद असूनही अभिप्राय प्रतिकूल का नाही, असे कोणीही विचारील. याचे कारण चूक एकाच येणे खात्याशी निगडित आहे. ते एक खाते दुरुस्त केले की बाकीचे हिशेब विश्वास ठेवण्याजोगे राहतात. ‘सशर्त’ याचा अर्थ ‘किरकोळ’ असा नाही, एवढे तरी यातून लक्षात यावे. किरकोळ बाबीसाठी लेखापरीक्षक अभिप्राय बदलतच नाही. कामाच्या सुरुवातीला तो एक मर्यादा ठरवतो, जिच्यावरील चूक वाचकाच्या निर्णयावर प्रभाव टाकू शकेल असे त्याला वाटते. नफा कमावणाऱ्या कंपनीत ही मर्यादा अनेकदा करपूर्व नफ्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास घेतली जाते, म्हणजे इथे २ कोटी. अर्थात हा संकेत आहे, नियम नव्हे, आणि प्रत्येक लेखापरीक्षक आपल्या विवेकाने आकडा ठरवतो. आपल्या उदाहरणातील रक्कम त्या मर्यादेच्या १२ पट आहे.

‘परिणाम’ की ‘संभाव्य परिणाम’

वरच्या वाक्यात ‘परिणाम वगळता’ असे आहे. काही अहवालांत ‘संभाव्य परिणाम वगळता’ असे लिहिलेले आढळते, आणि या एका जादा शब्दाकडे सहसा कोणी पाहत नाही. पहिल्या प्रकारात लेखापरीक्षकाने पुरावा पाहिला आहे आणि आकडा चुकीचा आहे असे त्याचे ठाम मत आहे. दुसऱ्या प्रकारात त्याला पुरावा मिळालेलाच नाही. आकडा बरोबर असेल किंवा चुकीचाही असेल, हे तो सांगू शकत नाही.

समजा, त्याच कंपनीत प्रश्न येण्यांचा नसून गोदामातील २४ कोटींच्या मालाचा आहे. लेखापरीक्षकाची नेमणूक वर्ष संपल्यानंतर झाली, त्यामुळे वर्षअखेरीच्या मालमोजणीला तो हजर नव्हता, आणि नंतर अन्य मार्गाने खात्री करून घेता येईल अशा नोंदीही कंपनीकडे नव्हत्या. अशा वेळी अहवालात ‘संभाव्य परिणाम’ येते. इथे वजाबाकी करून उत्तर मिळत नाही. माल पूर्ण २४ कोटींचा असू शकतो, निम्माही असू शकतो. आमच्या मते वाचणाऱ्याने ही परिस्थिती पहिलीपेक्षा सौम्य मानू नये. पहिल्या प्रकारात वाईट काय आहे ते निदान माहीत तरी असते.

मालाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. या वर्षाचा अखेरचा शिल्लक माल हाच पुढच्या वर्षाचा आरंभीचा माल असतो. म्हणून पुढच्या वर्षअखेरीस मोजणी व्यवस्थित झाली, तरी त्या वर्षाच्या नफ्याच्या आकड्यावर शंका उरते आणि सशर्त अभिप्राय दुसऱ्या वर्षीही दिसू शकतो. तो पाहून नवी गडबड झाली असा समज करून घेऊ नये. आधार परिच्छेदात ‘आरंभीचा शिल्लक माल’ असे शब्द आहेत का, ते पाहावे.

याउलट, गेल्या वर्षी असलेली शर्त यंदा नाहीशी झाली असेल तर त्याचेही कारण शोधावे. २४ कोटी खरोखर वसूल झाले असतील, त्यांची तरतूद केली गेली असेल, किंवा लेखापरीक्षक बदलला असेल आणि नव्याचे मत निराळे असेल. तिन्ही शक्यतांमध्ये अहवाल सारखाच स्वच्छ दिसतो. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून सही करणाऱ्याचे नाव आणि येण्यांची टीप तपासली की कारण बहुधा सापडते.

स्वच्छ अभिप्राय काय सांगतो, काय सांगत नाही

स्वच्छ अभिप्रायाचे वचन मर्यादित आहे. हिशेब ज्या चौकटीनुसार केल्याचे सांगितले आहे, त्या चौकटीनुसार ते महत्त्वाच्या बाबतींत योग्य आहेत, याची ‘वाजवी खात्री’ लेखापरीक्षक देतो. मानकांच्या भाषेत ही उच्च पातळीची खात्री आहे, पण संपूर्ण हमी नाही. तो प्रत्येक पावती पाहत नाही. जोखीम पाहून नमुने निवडतो आणि त्यांची तपासणी करतो. वरच्या उदाहरणात दीड कोटीची एखादी चूक राहून गेली, तरी अभिप्राय स्वच्छ असू शकतो आणि तो चुकीचाही ठरत नाही. अफरातफरीच्या बाबतीत मर्यादा अधिक स्पष्ट आहे. महत्त्वाची अफरातफर शोधण्याच्या दृष्टीने काम करणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्यच आहे, परंतु वरिष्ठ अधिकारी आणि बाहेरचा पुरवठादार संगनमताने खोटी कागदपत्रे तयार करतात, तेव्हा ती उघडकीला न येण्याचा धोका साध्या चुकीपेक्षा जास्त असतो.

शेअर घ्यावा की विकावा, हेही तो सांगत नाही. ब्रिटनमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९० साली कॅपारो खटल्यात असा निर्णय दिला की वैधानिक लेखापरीक्षण हे भागधारकांना एकत्रितपणे कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवता यावी यासाठी असते; एखाद्या भागधारकाने त्या अहवालाच्या भरवशावर आणखी शेअर घेतले, तर त्याच्या तोट्यासाठी लेखापरीक्षक सामान्यतः जबाबदार नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, पण अहवाल कोणासाठी आणि कशासाठी लिहिला जातो याची कल्पना या निकालातून येते.

एक शीर्षक मात्र स्वच्छ अभिप्राय असतानाही शोधावेच : ‘व्यवसाय चालू राहण्याबाबतची महत्त्वाची अनिश्चितता’, ज्याला हिशेबाच्या बोलीत गोइंग कन्सर्नचा प्रश्न म्हणतात. समजा, कंपनीचे मोठे कर्ज चार महिन्यांत फेडायचे आहे आणि बँकेने मुदतवाढ दिलेली नाही. संचालकांनी ही अडचण टिपांमध्ये पुरेशी उघड केली असेल, तर हिशेब खोटे ठरत नाहीत, आणि म्हणून अभिप्राय स्वच्छच राहतो. पण त्याखाली हा स्वतंत्र विभाग येतो. अभिप्रायाचा परिच्छेद वाचून समाधानाने पान उलटणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. उलटपक्षी, असा विभाग नसणे म्हणजे कंपनी तग धरील अशी हमीही नव्हे. ‘प्रमुख लेखापरीक्षण बाबी’ या शीर्षकाखाली येणारा मजकूर वेगळा असतो. तिथे लेखापरीक्षकाने अधिक कष्ट कुठे घेतले ते सांगितलेले असते, आणि तो मजकूर तक्रार म्हणून वाचू नये.

सभेत काय विचारावे

वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘ऑडिटरने शर्त का घातली?’ असे मोघम विचारल्यास मोघम उत्तर मिळते. आपल्या उदाहरणातील भागधारकाने संचालकांना तीन गोष्टी विचाराव्यात : ताळेबंदाच्या तारखेपासून आजपर्यंत त्या २४ कोटींपैकी किती रक्कम प्रत्यक्ष बँकेत जमा झाली, दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनीचा दावा किती रकमेचा मान्य झाला आहे, आणि वसुली होईल हे मत कोणत्या कागदपत्रावर आधारलेले आहे. अहवाल वाचताना अडचण आल्यास अभिप्राय, त्याचा आधार आणि येण्यांची टीप एवढी पाने आमच्या कार्यालयात घेऊन यावीत. संपूर्ण वार्षिक अहवालाची गरज सहसा भासत नाही.