घर्षणपकड सांधा (पोलादी तुळईतील)

पोलादी तुळईचे दोन तुकडे सांधपट्ट्या आणि उच्चबल बोल्टांनी असे जोडणे, की भार एका पट्टीतून दुसरीत बोल्टाच्या दांड्यावर न येता पट्ट्यांमधील घर्षणातून जावा. भारतीय कारखान्यांत अशा बोल्टांना ‘एचएसएफजी’ म्हणतात.

या कल्पनेच्या उगमाबाबत एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये बाथो व बेटमन यांनी १९३४ मध्ये बोल्ट पुरेसा आवळल्यास पट्ट्या सरकत नाहीत असे मांडले. अमेरिकी लेखक मात्र इलिनॉय विद्यापीठातील विल्सन व थॉमस यांच्या १९३८ च्या चाचण्यांना अग्रमान देतात. त्यांचा मूळ प्रश्न रिव्हेटच्या जोडांच्या थकव्याचा होता. त्यामुळे घर्षणाच्या तत्त्वापुरता बाथो-बेटमन यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. रिव्हेटऐवजी उच्चबल बोल्ट वापरण्यास अमेरिकी संशोधन परिषदेच्या १९५१ च्या विनिर्देशाने मुभा दिली.

आयएस ८००:२००७ नुसार एका बोल्टाची अभिकल्पित घर्षणक्षमता अशी:

V = μ × n × K × F ÷ γ

यात μ घर्षणांक, n घर्षणपृष्ठांची संख्या, K छिद्राचा गुणक (नेहमीच्या छिद्राला १), F बोल्टातील पूर्वताण आणि γ सुरक्षागुणक. ८.८ प्रतीच्या एम २० बोल्टाचे आट्यांतले क्षेत्रफळ २४५ चौ. मिमी आहे; म्हणून F = ०.७ × ८०० × २४५, म्हणजे सुमारे १३७ किलोन्यूटन.

आयएसएमबी ५०० तुळईच्या सांध्यावर २०० किलोन्यूटन-मीटर गुणित नमनाघूर्ण आहे असे धरू. तो सगळा पंखांनी पेलायचा, तर पंखांच्या मध्यांतील अंतर ४८३ मिमी असल्याने प्रत्येक पंखात ४१४ किलोन्यूटन बल येते. पंखाच्या आतबाहेर पट्ट्या असल्याने n = २. स्वच्छ गिरणीपापुद्र्यासाठी μ = ०.३३ आणि अंतिम भारासाठी γ = १.२५ घेतल्यास V = ७२.४ किलोन्यूटन येते. ४१४ ला ७२.४ ने भागल्यास ५.७, म्हणून सांध्याच्या प्रत्येक बाजूस, दर पंखाला ६ बोल्ट. कण्यातील कातरबलाचे बोल्ट वेगळे मोजावे लागतात.

बोल्टांची संख्या खरी ठरते ती पृष्ठभागावर. ग्रिट मारून साफ केलेल्या पृष्ठासाठी μ = ०.५ असल्याने ४ बोल्ट भागतात. त्याच पृष्ठावर शेंदरी शिशाचा रंग चढला, की μ = ०.१ होतो आणि दोन ओळींत २० बोल्ट लागतात. घाईत केलेली रंगाई ही या सांध्याची नेहमीची चूक असून नकाशात ‘संपर्कपृष्ठे रंगवू नयेत’ अशी टीप नसेल तर ती हमखास घडते.

घसरण सेवाभाराला रोखावी की अंतिम भाराला, हा मतभेद उरतो. सेवाभारासाठी γ = १.१० आहे. १.५ हा भारगुणक काढून टाकल्यास वरील पहिल्या उदाहरणात ४ बोल्ट पुरतात; मात्र अंतिम भाराला सांधा सरकून बोल्ट छिद्राच्या कडेला टेकेल, म्हणून कातर व टेकबलाची तपासणी करावी लागते. भार उलटसुलट फिरत असेल, तर अंतिम भाराचा निकष श्रेयस्कर.

बोल्ट मधल्यापासून कडांकडे आवळतात. उलट क्रमाने आवळल्यास पट्ट्या मध्ये न टेकता राहतात आणि आधी आवळलेले बोल्ट पुढे सैल पडतात. सांधा सरकल्याची खूण म्हणजे पट्टीच्या काठाशी रंगात पडलेली बारीक सरळ भेग.