अंगावरून पांढरं जाणं पुन्हापुन्हा का सुरू होतं?

समजा, तीस वर्षांच्या एका स्त्रीने कॉपर-टी बसवली आहे. पाळी संपली की दरवेळी तिच्या अंगावरून पातळ, करडट पांढरं जातं आणि संबंधांनंतर माशांसारखा वास येतो. खाज फारशी नाही. ती बुरशीवरची क्रीम लावते, दोन दिवस बरं वाटतं आणि पुढच्या पाळीनंतर सगळं पुन्हा सुरू होतं. अशा तक्रारीत ही चूक फार वेळा होते, कारण अंगावरून पांढरं जाणं म्हणजे बुरशी, असं बहुतेकांनी धरलेलं असतं.

योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ३.८ ते ४.५ राहतो; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त. हे जिवाणू कमी झाले की गार्डनेरेला आणि इतर जिवाणू वाढतात, पीएच ४.५ च्या वर जातो आणि वास येऊ लागतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. बुरशीचं, म्हणजे कॅन्डिडाचं, तसं नाही. ती आम्लातही वाढते. तिच्यात पीएच सहसा नेहमीसारखाच राहतो, स्राव दह्याच्या कवडीसारखा घट्ट असतो, खाज आणि आग खूप होते, पण वास जवळजवळ नसतो.

म्हणून पीएचची पट्टी उपयोगी पडते. नमुना योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यावा लागतो. गर्भाशयमुखाचा चिकट स्राव, रक्त किंवा वीर्य लागलं तर पीएच खोटाच वाढलेला दिसतो. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गातही तो वाढतो, त्यामुळे निदानासाठी सूक्ष्मदर्शकाखाली स्राव पाहायला हवा. त्यात कडा जिवाणूंनी झाकून गेलेल्या पेशी दिसल्या तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस. धाग्यांसारखी बुरशी दिसली तर कॅन्डिडा.

आपल्या उदाहरणात पीएच ५.२ निघाला आणि जिवाणूंनी झाकलेल्या पेशीही दिसल्या. डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस दिलं. वास गेला, पण आठवड्याभरात जोरदार खाज सुटली. औषध चुकलं नव्हतं. जिवाणूंवरच्या उपचारानंतर काही स्त्रियांमध्ये बुरशी वाढते. पुन्हा पीएच पाहिला तर तो ४.२, म्हणजे आता खरोखरच बुरशी. फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी पुरली.

तीन महिन्यांनी वास परत आला. हे जिवाणू योनीच्या अस्तरावर चिकट थर बनवून बसतात आणि औषध त्या थराच्या आतपर्यंत नीट पोचत नाही. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा त्रास पुन्हा होतो. अशा वेळी पहिल्या उपचारानंतर मेट्रोनिडॅझोल जेल आठवड्यातून दोनदा, चार ते सहा महिने वापरतात. मात्र ते थांबवल्यावर त्रास परतू शकतो.

शिवाय हे जिवाणू पुरुषाच्या लिंगाच्या त्वचेवरही राहतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत जोडीदारालाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगावर लावायला क्लिंडामायसिन क्रीम दिली. बारा आठवड्यांत त्रास परतण्याचं प्रमाण ६३ वरून ३५ टक्क्यांवर आलं. एकच कायम जोडीदार असेल तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

आता कॉपर-टी. तिच्यामुळे पाळीत रक्त जास्त जातं आणि रक्त आम्लधर्मी नसल्याने पीएच वर सरकतो. कॉपर-टी वापरणाऱ्यांत हा त्रास अधिक आढळतो. पहिल्याच वेळी ती काढायची गरज नाही, पण उपचार करूनही त्रास परतत राहिला तर साधन बदलण्याचा विचार करावा. निरोध नियमित वापरल्यास धोका कमी होतो आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांतही तो कमी दिसतो. पण ज्यांना वारंवार बुरशी होते, त्यांना याच गोळ्यांनी त्रास वाढू शकतो. एक बाब हमखास विसरली जाते: क्लिंडामायसिनची तेलकट क्रीम लॅटेक्सचा निरोध कमकुवत करते. ती वापरताना आणि नंतर पाच दिवस निरोधावर विसंबू नये.

हीच स्त्री पुढे गरोदर राहिली तर बुरशीची शक्यता वाढते, कारण इस्ट्रोजेन वाढल्याने योनीच्या पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वाढतो आणि तो बुरशीला पोषक ठरतो. तेव्हा फ्लुकोनॅझोलची गोळी टाळून क्लोट्रिमॅझोलसारखं औषध सात दिवस योनीत वापरतात. आधीची उरलेली गोळी स्वतःहून घेऊ नये. बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा संबंध अकाली प्रसूती आणि उशिरा होणाऱ्या गर्भपाताशी आहे, म्हणून लक्षणं असतील तर उपचार करायचेच. मेट्रोनिडॅझोल गरोदरपणात देतात. मात्र लक्षणं नसलेल्या, कमी जोखमीच्या गरोदर स्त्रियांना शोधून औषध दिल्याने अकाली प्रसूती कमी होत नाही, हे फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. त्यामुळे सरसकट तपासणी करत नाहीत. आधी अकाली प्रसूती झाली असेल तर ते डॉक्टरांना सांगावं. गरोदरपणात पाण्यासारखा स्राव सतत येऊ लागला, रक्त दिसलं किंवा पोटात कळा येऊ लागल्या तर तो नेहमीचाच त्रास आहे असं समजून थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावं.